रिप्लाय ऑलची लांबत जाणारी साखळी तोडणारा चार ओळींचा मेल

ऑफिसातल्या शे-दीडशे लोकांना एक साधी सूचना जाते. कुणीतरी रिप्लाय ऑल करून एक शंका विचारतं, दुसरं तिला उत्तर देतं, तिसऱ्याला ते उत्तर पटत नाही. मध्येच चार जणांचं ‘धन्यवाद, नोंद घेतली’ येऊन पडतं. तासाभरात त्या सूचनेखाली वीस मेल जमलेले असतात आणि मूळ सूचना काय होती हे सांगायलाही वर-खाली शोधावं लागतं. अशी साखळी एका छोट्या मेलने थांबवता येते. मात्र तो मेल कोणी पाठवायचा, कधी पाठवायचा आणि त्यात कोण कुठल्या रकान्यात असायचं, या तीन गोष्टी मजकुराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्या चुकल्या की तोच मेल साखळीतला एकविसावा मेल होतो.

आधी साखळी कुठल्या जातीची आहे ते बघा

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या साखळ्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात खरी चर्चा चालू असते. पाच-सात लोकांना खरोखर काहीतरी ठरवायचं असतं आणि उरलेले सव्वाशे लोक उगाच प्रेक्षक झालेले असतात. या लेखातला उपाय आहे तो या प्रकारासाठी, कारण इथे दुसरीकडे नेण्यासारखं काहीतरी असतं.

दुसऱ्या प्रकारात चर्चाच नसते. ‘मला या यादीतून काढा’, ‘मलाही काढा’, ‘कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका’ एवढंच फिरत राहतं. 1997 साली मायक्रोसॉफ्टमध्ये घडलेलं प्रकरण याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तिथे ‘बेडलम डीएल3’ नावाची अंतर्गत यादी होती आणि तिच्यावर सुमारे 13 हजार पत्ते होते. आपण या यादीत कशासाठी आहोत, आपलं नाव काढा, असा मेल एकाने थेट त्या यादीलाच पाठवला. मागोमाग ‘मलाही’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली, आणि मग ‘रिप्लाय ऑल थांबवा’ असं रिप्लाय ऑल करूनच सांगणारे आले. एकूण संदेशांचा आकडा दीड कोटीच्या घरात गेला आणि कंपनीची मेलयंत्रणा कोलमडली. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, एक चाचणी मेल चुकून जवळपास 8 लाख 40 हजार कर्मचाऱ्यांना गेला. तिथेही लोकांनी हेच केलं.

अशा वेळी शहाणपणाचा मेल लिहून काही उपयोग नाही. आयटी विभागाला फोन करून त्या ग्रुप आयडीवर कोण मेल पाठवू शकतं यावर निर्बंध घालून घेणं, हा खरा उपाय. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन मेलसेवेत यासाठी आपोआप चालणारा अडसरही घातला. तो सुरू झाला तेव्हा नियम असा होता की पाच हजारांहून जास्त लोकांना तासाभरात दहा रिप्लाय ऑल गेले, की त्या साखळीवर पुढचे चार तास सगळ्यांना उत्तर पाठवता येणार नाही. आकडे नीट बघा. तुमच्या दीडशे जणांच्या साखळीला असा अडसर हातही लावणार नाही. तिथे माणसालाच मध्ये पडावं लागतं.

कोणी पाठवायचा

मूळ सूचना ज्याने काढली त्याने, किंवा त्या विषयावर निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने. तिसऱ्या कोणी नाही. साखळी बंद करणारा मेल निव्वळ ‘थांबा’ म्हणत नाही, ‘उत्तर अमुक वेळेला मी देईन’ असं सांगतो, आणि हे आश्वासन बाजूला उभा असलेला माणूस देऊ शकत नाही. त्याने ‘आपण ही चर्चा दुसरीकडे नेऊया का?’ असं विचारलं, तर त्यावरच दहा मतं येतात.

तुम्ही नुसते प्रेक्षक असाल तर तुमच्यासमोर दोनच चांगले मार्ग आहेत. पहिला म्हणजे स्वतःपुरती साखळी गप्प करणं. जीमेलमध्ये त्यासाठी `Mute` आहे, आउटलुकमध्ये `Ignore`. दुसरा म्हणजे मूळ प्रेषकाला एकट्याला मेल किंवा फोन करणं आणि जमल्यास खालच्यासारखा मसुदा तयार करून त्याच्या हातात देणं. लोकांना कळत असतं की साखळी हाताबाहेर गेली आहे, पण चार ओळी लिहायला बसायचा कंटाळा असतो. तयार मसुदा मिळाला की ते लगेच पाठवतात.

साखळीत एखादे वरिष्ठ स्वतः मत मांडून बसले असतील तर मेल पाठवण्याआधी त्यांना एक फोन करा. ‘सर, तुमच्या मुद्द्यावर आपण आज बोलूनच घेऊ, मेलवरची चर्चा मी बंद करतोय’ एवढं पुरे. हा फोन राहिला तर तुमच्या मेलनंतर पहिलं उत्तर त्यांचंच येतं, आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीच्यांनाही लिहायला मोकळीक मिळते.

कधी पाठवायचा

मेल मोजून वेळ ठरवू नका. तीन खुणा बघा. एक, लागोपाठची दोन-तीन उत्तरं एकाच दोघांमध्ये चालली आहेत. दोन, मूळ विषयाच्या पोटातून दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला प्रश्न निघाला आहे. तीन, कुणीतरी आधीच्या मेलमध्ये दिलेलं उत्तर पुन्हा विचारलं आहे, म्हणजे लोक आता साखळी वाचत नाहीयेत, फक्त शेवटचा मेल वाचून लिहीत आहेत. तिसरी खूण दिसली की उशीर करू नये. तिथून पुढे प्रत्येक चांगलं उत्तरही वाया जातं.

फार लवकर घाई करण्यातही अर्थ नाही. पहिल्या दोन प्रश्नांनंतरच कुलूप लावलं, तर लोकांना तोंड बंद केल्यासारखं वाटतं आणि प्रश्न जेवणाच्या टेबलावर जातात.

एक साखळी उलगडून बघू

उदाहरण पूर्ण घेऊया, म्हणजे पायऱ्या कळतील. 140 जणांच्या ग्रुपवर सोमवारी सकाळी 10:05 ला सूचना जाते: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रजेचे अर्ज नव्या प्रणालीत भरायचे, जुना फॉर्म बंद. 11:40 पर्यंत त्यावर 19 रिप्लाय ऑल आलेले आहेत.

सूचना काढणाऱ्याने आता पहिलं काम करायचं ते मेल लिहिण्याचं नाही. हे 19 मेल वाचून त्यांची विभागणी करायची. कागदावर केलं तरी चालतं, दहा मिनिटांचं काम आहे. इथे विभागणी अशी निघते: आठ मेल नुसती पोच आहेत, ‘नोंद घेतली’, ‘धन्यवाद’ वगैरे. सहा मेल अर्ध्या दिवसाच्या रजेबद्दल आहेत. ते तिघांमधले आहेत, आणि त्या तिघांत लेखा विभागाचे प्रमुख आहेत. नव्या प्रणालीत अर्धा दिवस हा पर्यायच दिसत नाही आणि पगाराच्या हिशेबात तो कसा धरायचा यावर मतभेद आहे. तीन मेल आधीच मंजूर झालेल्या, पण एक तारखेनंतर सुरू होणाऱ्या रजांबद्दल आहेत, दोघांचे. उरलेले दोन मेल एकाच माणसाचे आहेत. त्याला मोबाइलवरून लॉगिन होत नाही.

म्हणजे 140 जणांच्या गर्दीत बोलणारी खरी माणसं सहा, आणि प्रश्न तीन. तेही तीन वेगळ्या जातींचे. अर्ध्या दिवसाच्या रजेबद्दल मतभेद आहे. मतभेद लिहून मिटत नाहीत, बोलून मिटतात. मंजूर रजांचा प्रश्न माहितीचा आहे, त्याचं उत्तर एकदा लिहून ठेवलं की पुढे पन्नास जणांना उपयोगी पडेल. लॉगिनचा प्रश्न एका माणसाची अडचण आहे, तिचा बाकीच्यांशी संबंध नाही.

इथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो. तीन प्रश्न, म्हणून तीन जागा: एक चॅनेल, एक मीटिंग, एक हेल्पडेस्क. मग बंद करण्याच्या मेलमध्ये तीन लिंका येतात, कुठला प्रश्न कुठे यावर पुन्हा प्रश्न निघतात, आणि साखळी पुढे चालू राहते. माझं मत असं की सर्वांना जाणाऱ्या मेलमध्ये पत्ता एकच हवा. बाकीच्या गोष्टी त्या-त्या माणसांशी परस्पर मिटवायच्या. आपल्या उदाहरणात सर्वांसाठी एक सामायिक फाइल, ज्यात प्रश्न आणि उत्तरं. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी त्या तिघांना फोन करून त्याच दिवशी चार वाजता वीस मिनिटांची बैठक. लॉगिनवाल्याला थेट फोन, आणि त्याच्या वतीने हेल्पडेस्ककडे तक्रार आपणच नोंदवायची.

जागा आधी, मेल नंतर

ज्या फाइलचा पत्ता तुम्ही देणार ती मेल पाठवण्याआधी तयार, भरलेली आणि उघडणारी हवी. या तिन्हींत सगळ्यात जास्त घोळ ‘उघडणारी’ इथे होतो. तुम्ही फाइल बनवली, लिंक चिकटवली, तुमच्याकडे ती उघडते कारण फाइल तुमची आहे. समोरच्याला मात्र ‘परवानगी मागा’ असा फलक दिसतो. मग दहा मिनिटांत तुमच्या इनबॉक्समध्ये परवानगीच्या विनंत्यांचा ढीग आणि साखळीवर रिप्लाय ऑल: ‘लिंक उघडत नाही.’ त्यामुळे मेल पाठवण्याआधी लिंक एका सहकाऱ्याला पाठवा आणि त्याच्या मशीनवर उघडते का ते विचारा. त्याला टिप्पणी लिहिता येते का हेही बघा, नुसतं वाचता येऊन भागत नाही.

भरलेली म्हणजे फाइलमध्ये साखळीतले तिन्ही प्रश्न आधीच लिहिलेले असावेत, विचारणाऱ्याच्या नावासकट. ज्याचं उत्तर माहीत आहे त्याच्यापुढे उत्तर, ज्याचं नाही त्याच्यापुढे ‘बुधवारी कळवू’ असं. रिकाम्या फाइलवर कोणी जात नाही. आपला प्रश्न आधीच तिथे दिसला की माणूस पुढचं तिथेच लिहितो, पुन्हा मेलकडे वळत नाही.

मजकूर

आता मेल. आपल्या उदाहरणात तो असा होईल:

> रजेच्या नव्या प्रणालीबद्दलचे सगळे प्रश्न आता या फाइलमध्ये: (लिंक). आतापर्यंत आलेले तीन प्रश्न तिथे लिहून ठेवले आहेत.
>
> अर्ध्या दिवसाच्या रजेबद्दल लेखा विभागाशी आज बोलून घेत आहे. निर्णय बुधवारी दुपारी 4 पर्यंत सर्वांना वेगळ्या मेलने कळवेन.
>
> तोवर कोणालाही काही करायचं नाही, जुना फॉर्म चालू आहे. या मेलची पोच नको.
>
> ज्यांनी प्रश्न विचारले ते To मध्ये आहेत, बाकी सर्वजण Bcc मध्ये.

नमस्कार, सर्वांना सविनय, आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल आभार, असं काही वर लिहू नका. सभ्यतेला ना नाही, पण मोबाइलच्या सूचनेत मेलची पहिली एक-दोन वाक्यंच दिसतात आणि बहुतेकांचं वाचन तिथेच संपतं. त्या दोन वाक्यांत जागेचा पत्ता नसेल तर तुमचा मेल त्यांच्यासाठी साखळीतला आणखी एक मेल असतो. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘कुठे’.

दुसऱ्या परिच्छेदात ‘कोण’ आणि ‘कधी’. यात वार आणि वेळ दोन्ही असू द्या. ‘लवकरच कळवण्यात येईल’ लिहिलंत, तर उद्या कुणीतरी ‘याचं काही कळलं का?’ असं सगळ्यांना विचारणार. ‘कळवेन’ लिहायचं, ‘कळवण्यात येईल’ नाही. कर्मणी वाक्यात कुणाचीच जबाबदारी नसते आणि वाचणाऱ्याला ती बरोबर जाणवते. पळवाट दिसली की तो जुन्याच साखळीवर दबाव ठेवतो.

तिसऱ्या परिच्छेदातलं ‘काही करायचं नाही’ हे वाक्य अनेकांना फालतू वाटेल, पण गप्प बसलेल्या सव्वाशे लोकांसाठी तेच सगळ्यात उपयोगी आहे. ते लिहीत नसले तरी मनात धाकधूक असते की आपल्याला आज काहीतरी भरायचं राहून जातंय का. ती शंका मिटली नाही तर त्यांच्यातून नवे प्रश्न उगवतात. आणि ‘पोच नको’ तर हवंच. आपल्याकडे सूचनेला पोच देणं हा शिष्टाचार मानला जातो, विशेषतः वरून आलेल्या सूचनेला. स्पष्ट सांगितलं नाही तर तुमच्या साखळी थांबवणाऱ्या मेललाच आठ जण ‘नोंद घेतली’ म्हणतील.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नये’ हे वाक्य टाळा. ते वाचून ज्याने उत्तर दिलं त्याला वाटतं, हे मलाच उद्देशून. मग तो सर्वांसमोर स्पष्टीकरण देतो. शिवाय त्या वाक्यात पुढे जायची जागा नसते. लिहिणाऱ्याचा प्रश्न तसाच लटकत राहतो. प्रश्नाला जागा मिळाली की बंदी घालावी लागत नाही. तसंच चर्चेवर स्वतःचं मत या मेलमध्ये घुसडू नका. ‘अर्ध्या दिवसाची रजा तशीही फार कमी लोक घेतात’ असं एक वाक्य जाता जाता लिहिलंत की त्याला उत्तर येणार, आणि तुम्हीच ते ओढवून घेतलेलं असेल.

रकाने, आणि त्यांच्या मर्यादा

मेल साखळीतल्या सर्वांत शेवटच्या मेलला रिप्लाय ऑल करून सुरू करा आणि विषयाची ओळ बदलू नका. नवा विषय टाकला तर जीमेल त्याची वेगळी साखळी करतं. मग जुनी साखळी उघडून बसलेल्याला तुमचा मेल दिसतच नाही आणि तो आपलं उत्तर पुरं करून पाठवून देतो. ज्यांनी थांबायला हवं ते जिथे आहेत तिथेच मेल पोचला पाहिजे.

मग पाठवण्याआधी पत्ते हलवा. To मध्ये फक्त ते सहा जण. ग्रुपचा पत्ता To किंवा Cc, जिथे असेल तिथून काढून Bcc मध्ये. याचा परिणाम असा की या मेलला कोणी रिप्लाय ऑल केलं तर ते फक्त तुम्हाला आणि त्या सहा जणांना जातं, कारण Bcc मधल्यांचे पत्ते मेलबरोबर जातच नाहीत. शेवटच्या ओळीत ‘बाकी Bcc मध्ये’ असं सांगितलेलं असल्यामुळे कोणाला लपवाछपवी वाटत नाही, आणि ‘बाकीच्यांना का काढलं?’ हा प्रश्नही येत नाही.

दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. एक, Bcc मुळे फक्त तुमच्या मेलची वाट बंद होते. आधीचे 19 मेल लोकांकडे आहेतच, आणि त्यांतल्या कुठल्याही मेलवर रिप्लाय ऑल केलं की ते पुन्हा 140 जणांना जाणार. हे थांबवण्याचा उपाय मेलच्या रकान्यात नाही. दोन, काही ठिकाणी ग्रुप आयडी Bcc मध्ये असलेला मेल अडकवून ठेवला जातो किंवा परत येतो. तुमच्याकडे तसं आहे का हे आयटीला आधीच विचारून ठेवा. तसं असेल तर ग्रुपचा पत्ता To मध्ये राहू द्या, शेवटची ओळ काढून टाका आणि मजकुराच्या भरवशावर पाठवा. तेवढ्यानेही बहुतेक साखळ्या थांबतात.

मूळ सूचनेचा मेल परत बोलावण्याचा मोह आवरा. आउटलुकमध्ये ती सोय आहे, पण ती संस्थेबाहेर गेलेल्या मेलला लागू पडत नाही, आणि जिच्यावर 19 उत्तरं आली ती सूचना गायब झाली तर ‘सूचना रद्द झाली का?’ ही नवी साखळी सुरू होईल.

पाठवल्यानंतरची वीस मिनिटं

मेल गेल्यावर आणखी दोन-तीन रिप्लाय ऑल येतीलच. काही जण तुमचा मेल येण्याआधीपासून लिहीत होते, काहींनी मोबाइलवर जुना मेल उघडलेला होता. यावर सगळ्यांसमोर काहीही बोलायचं नाही. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ तर अजिबातच नाही. आपल्या उदाहरणात 12:20 ला मेल गेला असं धरू. 12:24 ला एक आणि 12:31 ला दुसरा असे दोन रिप्लाय ऑल आले. पहिल्यात मंजूर रजेबद्दलचा नवा प्रश्न होता. तो तुम्ही स्वतः उचलून फाइलमध्ये लिहायचा आणि विचारणाऱ्याला एकट्याला कळवायचं:

> तुमचा प्रश्न फाइलमध्ये चौथ्या ओळीत टाकला आहे, उत्तरही तिथेच देत आहे.

यात टोमणा नाही आणि त्याला पुढच्या वेळी कुठे जायचं हे कळलं. दुसरा मेल ‘धन्यवाद’ होता. त्याला काहीच उत्तर नको.

साखळी थांबली नाही हे ओळखायचं कसं? येणारी उत्तरं तुमच्या मेलआधीच्या मेलांना आहेत की तुमच्या मेलनंतरच्या, ते बघा. आधीच्या मेलांना असतील तर ती उशिरा पोचलेली माणसं आहेत. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप आटतात. तुमच्या मेलनंतर आलेल्या उत्तरावर दुसऱ्याने पुन्हा सगळ्यांना उत्तर दिलं, म्हणजे दोन माणसं तिथेच बसून वाद घालत आहेत. अशा वेळी दुसरा सामूहिक मेल पाठवू नका. दोघांना फोन करा. त्यानेही भागलं नाही तर आयटीला सांगून त्या दिवसापुरतं ग्रुपवर पाठवण्याचा अधिकार फक्त तुमच्यापुरता ठेवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत करा. पूर्ववत करायची आठवण कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, कारण हे हमखास विसरलं जातं आणि पुढच्या सूचनेच्या वेळी दुसऱ्या विभागाचा मेल अडकतो.

बुधवारचा मेल वेगळा का

साखळी थांबवणारा मेल जुन्या साखळीत पाठवायचा, पण निर्णयाचा मेल पूर्णपणे नवा लिहायचा, नव्या विषयासह. यामागचं कारण वर आलेल्या `Mute` आणि `Ignore` मध्ये आहे. सोमवारी कंटाळून कितीतरी जणांनी ही साखळी गप्प केलेली असते. जीमेलमध्ये गप्प केलेल्या साखळीतला ग्रुपला आलेला नवा मेल इनबॉक्समध्ये न येता परस्पर मागे जाऊन पडतो. आउटलुकमध्ये `Ignore` केलेल्या साखळीतले पुढचे मेल सरळ डिलीट केलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जातात. सोमवारचा तुमचा मेल त्यांना दिसला नाही तरी बिघडत नाही, ते बोलतच नव्हते. पण निर्णय त्यांच्या रजेचा आहे. तो जुन्या साखळीत टाकलात तर नेमक्या शांत बसलेल्या माणसांपर्यंत तो पोचणार नाही.

विषय असा ठेवा: ‘निर्णय: अर्ध्या दिवसाची रजा नव्या प्रणालीत कशी भरायची’. To मध्ये स्वतःचा पत्ता, ग्रुप Bcc मध्ये. पहिल्या वाक्यात निर्णय, दुसऱ्यात तो कधीपासून लागू, तिसऱ्यात फाइलची तीच लिंक. बुधवारी चारपर्यंत निर्णय झाला नाही तरी चारलाच मेल गेला पाहिजे: अजून ठरलेलं नाही, शुक्रवारी दुपारी 12 पर्यंत कळवेन. दिलेली वेळ एकदा जरी मुकाट्याने टळली, की पुढच्या साखळीत तुमच्या ‘कळवेन’वर कोणी थांबणार नाही, लोक जुन्या मेलवर जाऊन विचारत राहतील.

आणि पुढची सूचना काढताना हीच मांडणी पहिल्याच मेलमध्ये वापरता येते. ग्रुप Bcc मध्ये, खाली एक ओळ: प्रश्न या फाइलमध्ये लिहा, उत्तरं रोज संध्याकाळी 5 ला देईन, पोच नको. ज्या सूचनेवर खरोखर सगळ्यांसमोर चर्चा व्हायला हवी आहे, म्हणजे सहा जणांच्या टीमने तारीख ठरवायची आहे अशी, तिथे मात्र हे करू नका. सहा जणांत रिप्लाय ऑल अगदी योग्य आहे, आणि तिथे Bcc वापरलंत तर कोण काय म्हणालं हे कोणालाच कळणार नाही.